मदत हवी आहे: क्रमवारी बंद केल्यावर सहकार्य मोजायचे कसे?

नमस्कार. पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत आठ जणांच्या सपोर्ट टीमचे वार्षिक मूल्यमापन माझ्याकडे आहे. आतापर्यंत बेल कर्व्हप्रमाणे सर्वांची आपसात क्रमवारी लागत असे आणि आठही जणांनी उत्तम काम केले, तरी एकाला तळाची श्रेणी द्यावीच लागे. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची श्रेणीवाटणी 2013 मध्येच बंद केली.

आमच्याकडच्या या क्रमवारीचा परिणाम शिफ्ट बदलताना लिहिल्या जाणाऱ्या नोंदींत स्पष्ट दिसतो. एखादी अडचण कशी सोडवली, हे पूर्वी टप्प्याटप्प्याने लिहिले जाई. आता नुसते ‘काम झाले’ एवढेच असते, कारण आपली युक्ती सांगितली की शेजारचा पुढे जातो आणि आपण एक पायरी खाली येतो.

यंदापासून प्रत्येकाला ठरवून दिलेल्या उद्दिष्टांवर गुण द्यायचे आहेत. त्यामुळे दुसऱ्याच्या यशाने आपले नुकसान होणार नाही, हे मला पटते. परंतु ‘महिन्याला इतकी तिकिटे’ एवढेच उद्दिष्ट ठेवले, तर नवख्याला शिकवण्यात गेलेला तास कुठेच मोजला जाणार नाही, आणि सोपी उद्दिष्टे पदरात पाडून घेण्याची ओढही वाढेल.

ज्यांनी हा बदल केला आहे, त्यांनी कृपया सांगावे: वैयक्तिक उद्दिष्टांसोबत टीमचे सामाईक उद्दिष्ट ठेवलेत का, आणि त्याला किती भार दिलात? पगारवाढीची एकूण रक्कम ठरलेली असताना छुपी क्रमवारी पुन्हा कशी टाळलीत?