पावसाळ्यात न कुबणारा टॉवेल कसा निवडावा? मदत हवी आहे

मीनल_मुलुंड: दोन महिन्यांपूर्वी हौसेने ७०० जीएसएमचे टर्किश टॉवेल घेतले. जुलै लागला आणि सकाळी वापरलेला टॉवेल रात्रीपर्यंत ओलाच. दुसऱ्या दिवशी तोंड पुसताना कुबट वास येतो. गॅलरीला खिडक्या बसवल्यात, वारा बेताचाच. काल वजन करून पाहिलं: कोरडा ७९० ग्रॅम, अंघोळीनंतर ९२०, दहा तासांनी ८६०. म्हणजे १३० ग्रॅम पाण्यातलं निम्मंही उडालं नाही. कमी जीएसएमचा घेतला तर अंग नीट पुसलं जाईल का?

गोरेगावकर: इजिप्शियन कॉटन घ्या. लांब धाग्याचा कापूस पाणी पटकन शोषतो आणि वाळतोही लवकर.

सुधा_आजी: बाळ, मी धुताना शेवटी सॉफ्टनर घालते, टॉवेल कसे मऊ लुसलुशीत राहतात! वास अजिबात येत नाही.

मागवाला_सोलापूर: मीनलताई, मी बावीस वर्षं टॉवेलच्या मागांवर काढली. तुमचा टॉवेल ७५ बाय १५० सेंटीमीटरचा असेल, तर क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर. ७९० ला त्याने भागा, ७०२ येतं. लेबल खरं आहे. पण जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागे किती सूत, एवढंच. अंगावरचं १३० ग्रॅम पाणी टिपायला ४०० चा टॉवेलही भरपूर होतो. ७०० मध्ये तेच पाणी दाट लूपांच्या मुळाशी जाऊन बसतं आणि तिथे हवा पोचत नाही.

गोरेगावकर, लांब तंतूचं सूत मजबूत असतं, तंतू कमी सुटतात, हे खरं. वाळण्याचा वेग त्याने फारसा बदलत नाही. तो जाडी, विणीची दाटी आणि हवा यांवर ठरतो.

आजी, सॉफ्टनरचा थर तंतूंवर बसतो आणि पाणी आत शिरत नाही. नव्या टॉवेलवरही कारखान्यातलं असंच फिनिश असतं. टॉवेलवर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. मोत्यासारखा वर राहिला तर दोन-तीनदा नुसत्या साबणाने, सॉफ्टनरशिवाय धुवा.

सुधा_आजी: थेंब टाकला. खरंच वरच बसला हो! आता या खेपेला घालत नाही.

पंचाप्रेमी: आमच्याकडे सगळे पंचाच वापरतात. माझा २३० ग्रॅमचा, त्याच मापाचा, म्हणजे जेमतेम २०४ जीएसएम. पंख्याखाली दुपारपर्यंत कडक.

मीनल_मुलुंड: पंचा माझ्या कमरेपर्यंतच्या केसांना पुरेल का?

मागवाला_सोलापूर: केसांना एक वेगळा पंचा ठेवा, अंगाला ४०० चा. आणि दांडीवर दुहेरी टाकू नका, दोन पदर एकमेकांना चिकटतात.

मीनल_मुलुंड: आज तोच ७०० चा एकेरी पसरून पंख्याखाली टाकला. दहा तासांनी ८२५. वॅफल विणीचा कुणी मुंबईत पूर्ण पावसाळा वापरलाय का?

गोरेगावकर: मी वापरलाय. वाळतो झटकन, पण पुसताना अंगाला टोचतो. बायकोला मात्र आवडतो.