मदत हवी आहे : दोन्ही टोकं जखडलेला बार, 54-36 की 60-30?

निळी_शाई
स्टीलचा एक सरळ बार आहे. A आणि B ही दोन्ही टोकं अजिबात न हलणाऱ्या सपोर्टमध्ये जखडलेली. मधे C पाशी 90 किलोन्यूटन भार, बारच्या अक्षावरूनच, B च्या दिशेने. AC चा भाग 400 मिमी लांब, क्षेत्रफळ 400 चौ. मिमी. CB 600 मिमी लांब, 300 चौ. मिमी. E सगळीकडे 200 गिगापास्कल.

R_A = Pb/L या सूत्राने A ला 54 आणि B ला 36 येतात. पुस्तकामागचं उत्तर 60 आणि 30 आहे. बेरीज दोन्हीकडे 90 च भरते, मग कुठलं बरोबर हे ओळखायचं कसं? ‘कॉम्पॅटिबिलिटी लाव’ एवढंच सगळे सांगतात, पण ते दुसरं समीकरण येतं कुठून?

तिरकी_रेघ
दोन्ही टोकं फिक्स म्हणजे टोकांना मोमेंट येणार. Pab²/L² आणि Pa²b/L² काढून घे आधी, मग रिअॅक्शन.

निळी_शाई
नाही हो, भार अक्षावरून आहे. बार वाकत नाही, एक भाग ताणला जातो आणि दुसरा दाबला जातो.

घनमूळ
54-36 खरंच शक्य आहे का, ते C ला विचारून बघ. C हा बारवरचा एकच छेद आहे. AC जितका लांबला तितका C सरकला, आणि CB जितका आखडला तितकाही C च सरकला. दोन्ही आकडे एकच यायला हवेत. तुझ्या उत्तराने AC लांबतो 54000×400/(400×200000) = 0.27 मिमी, आणि CB आखडतो 36000×600/(300×200000) = 0.36 मिमी. म्हणजे C पाशी बारच्या दोन भागांमध्ये 0.09 मिमी फट पडायला हवी! समतोलाला हे दिसत नाही, कारण त्याला फक्त बळं कळतात, बार किती लांबला ते कळत नाही.

तुला हवं असलेलं दुसरं समीकरण हेच आहे. दोन्ही टोकं हलत नाहीत, म्हणून एकाचं लांबणं = दुसऱ्याचं आखडणं. E दोन्हीकडे सारखा, तो उडतो.

```
R_A × 400/400 = R_B × 600/300   →  R_A = 2 R_B
R_A + R_B = 90                  →  R_A = 60, R_B = 30
```

आता ताडून बघ, दोन्हीकडून C 0.3 मिमीच सरकतो. AC मध्ये 150 मेगापास्कल ताण, CB मध्ये 100 मेगापास्कल दाब. Pb/L चुकीचं नाही, पण ते याच समीकरणातून क्षेत्रफळही सारखं धरून निघालेलं आहे. तुझा बार C पाशी बदलतो, तिथे ते लागू होत नाही.

जाड_पत्रा
थोडक्यात, जाड भाग जास्त भार ओढतो. एवढं लक्षात ठेवलं की झालं.

घनमूळ
अर्धंच खरं आहे ते. ठरतं ते AE/L वर. याच गणितात जाड AC 400 ऐवजी 1200 मिमी लांब कर. मग 3 R_A = 2 R_B, म्हणजे जाड भागाकडे 36 आणि बारीक भागाकडे 54.

स्पॅनर
मला रोज भेटणारी अडचण थोडी वेगळी आहे. फिक्स्चरमध्ये B चं टोक सपोर्टला टेकलेलंच नसतं, बारीकशी फट असते. वरच्याच बारला 0.15 मिमी फट धरली तर?

घनमूळ
आधी बघा, बार B ला पोचतो का. B नाहीच असं धरलं तर सगळे 90 AC वर, आणि तो 0.45 मिमी लांबतो. फट 0.45 किंवा त्याहून मोठी असती तर R_B शून्य, प्रश्नच मिटला. इथे फट बुजते, म्हणून लांबणं वजा आखडणं शून्य न धरता 0.15 धरायचं:

```
0.005 R_A − 0.010 R_B = 0.15    (R किलोन्यूटनमध्ये)
R_A + R_B = 90                  →  R_A = 70, R_B = 20
```

AC चा स्ट्रेस 150 वरून 175 वर गेला, तोही केसाएवढ्या फटीमुळे. म्हणून अशा जोडणीत माझा जीव भाराच्या आकड्यापेक्षा फटीत अडकलेला असतो.

निळी_शाई
C ची तपासणी कळली, आता प्रत्येक उत्तराला लावून बघेन. पण मग ‘न हलणारा सपोर्ट’ हेही गृहीतच ना? B ची भिंतच जरा दबली तर?

घनमूळ
तर ते फटीसारखंच वागतं. या बारमध्ये B दर 0.015 मिमी सरकला की त्याच्याकडचा भार 1 किलोन्यूटनने उतरतो आणि तो A कडे जातो. फरक इतकाच, की फट आधी मोजता येते आणि भिंतीचं दबणं R_B वरच अवलंबून असतं. भिंतीचा कडकपणा माहीत असेल तर तोही समीकरणात घालता येतो.

स्पॅनर
तोच तर कधी मिळत नाही. प्लेट बोल्टने आवळलेली असेल तर किती धरता तुम्ही? भार लावून डायल गेजने मोजण्याखेरीज दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही. कुणी गणिताने काढलाय का?