आजीला पत्र लिहिलंय: यंदा हरतालिका निर्जळी धरणार नाही. पाठवू का?

महालची नात: आजी ७८ वर्षांची आहे. पत्र खाली देते. असंच पाठवू, की काही बदलू?

“प्रिय आजी, साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलले असते तर मधेच रडू आलं असतं, म्हणून लिहिते. उन्हाळ्यात दहा दिवस ऑफिसच्या ट्रेनिंगला जाते म्हणाले होते, ते खोटं होतं. मी माहुरझरीला धम्म नाग केंद्रात विपश्यनेला गेले होते. पहाटे चारला घंटा, दिवसभर मौन, आणि पहिले तीन दिवस फक्त नाकाखालच्या एवढ्याशा जागेवर येणारा-जाणारा श्वास बघायचा. अकराला जेवण. पाचला आम्हा नव्या लोकांना चहा आणि फळ, मग सकाळपर्यंत काही नाही.

चौथ्या दिवशी रात्री भूक लागली. बसल्या जागी तिच्याकडे बघत राहिले. पोटात पीळ पडला, वाढला, थोड्या वेळानं आपोआप सुटला. आजी, बाराव्या वर्षापासून तुझ्यासोबत हरतालिका धरते, पण भुकेकडे कधी बघितलंच नव्हतं. बघायचे ते घड्याळाकडे. आणि मनात असायचं कहाणीतलं ते वाक्य, की या दिवशी बायकांनी काही खाल्लं तर वांझ होतात, विधवा होतात. वाळूची पिंड मी करीन, पत्री तोडायला येईन, रात्र जागवीन. पण त्या भीतीपायी पाणी सोडणार नाही. तुझ्याही शुगरच्या गोळ्या चालू आहेत. तू पाणी सोडतेस तेव्हा मला रात्रभर झोप लागत नाही.

तुझीच.”

इतवारीकर: पाठवू नका. केंद्रात एका अनोळखी माणसाच्या घंटेवर उठलात, बोलणं सोडलंत, रात्रीचं जेवण सोडलंत. तो नियम चालला, आणि आजीचा नियम तेवढा भीती झाला? तिथे प्रवेशाआधीच मान्य करून घेतात की उपास, जप, पूजा, उदबत्ती सगळं बंद. म्हणजे हा विचार तुमचा नाही, तिथून आणलेला आहे. ज्या बाईनं पन्नास वर्षं हे व्रत केलं, तिला दहा दिवसांच्या अनुभवावर पत्र लिहिताना थोडं थांबावं माणसानं.

जुना साधक, वर्धा रोड: नियम आहे, पण तो त्या दहा दिवसांपुरता आहे. श्वासासोबत कुणी जप करायला लागलं, कुणी एकादशी धरली, तर कशामुळे काय झालं ते कळत नाही, म्हणून ते बाजूला ठेवायला सांगतात. दुसऱ्या कोणत्याही पद्धतीचा निषेध नाही, हेही त्याच नियमावलीत लिहिलंय. घरी गेल्यावर उपास सोडा असं मला कुणीही सांगितलेलं नाही. मी तीन शिबिरं केली आणि माझी संकष्टी आजही चालू आहे. जुन्या साधकांना तर पाचला फळही नसतं, लिंबूपाणी मिळतं. तेव्हा नातीनं एवढंच तपासावं की पत्रातलं म्हणणं स्वतःच्या अनुभवाचं आहे की शिबिराच्या उत्साहातलं. पहिले दोन-तीन महिने तो उत्साह फार असतो. मी घरातल्या सगळ्यांना प्रवचनं दिली होती.

सुमनताई, काटोल: बाळा, दीक्षा घ्यायची असेल तर घे, पण आजीला उपासाच्या आडून कशाला सांगते? सरळ सांग की धर्म बदलून राहिली.

महालची नात: ताई, मी धर्म बदललेला नाही. पत्रात तसं कुठेच नाही. आमच्या घरच्या महालक्ष्म्यांना मी असतेच.

इंदोऱ्याची लेक: सुमनताई, आमच्याकडे उपास नसतो असं तुम्हाला वाटतंय का? माझी आई पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जाते, अष्टशील घेते आणि दुपारी बारानंतर काही खात नाही. पाणी मात्र पिते. एकदा तब्येत बरी नव्हती म्हणून तिनं जेवून गोळी घेतली, तर कुणी तिला पुढच्या जन्माचं भय दाखवलं नाही. नातीचा प्रश्न मला तेवढाच दिसतो, खाण्याचा नाही.

मानेवाड्याची सून: माझ्या सासूबाईंचं सांगते. त्याही शुगरच्या, गोळी सकाळची. दोन वर्षांपूर्वी हरतालिकेला गोळी घेतली आणि पोटात अन्न नाही. दुपारी चारला पूजेची तबकं भरताना हात थरथरायला लागले, पोलकं घामानं भिजलं. आम्हाला वाटलं, उकाडा. त्या मला माझ्या नणंदेच्या नावानं हाक मारायला लागल्या तेव्हा मशीन काढलं, आकडा ५२. सत्तरच्या खाली गेलं की साखर लगेच द्यायची असते. त्या तोंड उघडेनात, “व्रत मोडतं” म्हणून. शुद्धीवर होत्या म्हणून शेवटी साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. डॉक्टर नंतर म्हणाले, काही गोळ्या पोटात अन्न असो-नसो साखर खाली ओढतातच, म्हणून उपासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, किती घ्यायची, हे आधी विचारून ठेवा. मनानं बंद करू नका आणि मनानं घेऊही नका. पत्र जाईल तेव्हा जाईल, आजीची गोळी आधी विचारून ये.

इतवारीकर: हे मान्य. आजाऱ्यानं करू नये, हे कुणीही सांगेल. पण नात आजारी नाही.

संस्कृत शिकवते, धरमपेठ: इतवारीकर, व्रताच्या शास्त्रातच पाण्याची वाट आहे. जुना श्लोक आहे, “अष्टैतान्यव्रतघ्नानि आपो मूलं फलं पयः”. आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही. त्यात पाणी पहिलं, आणि शेवटी गुरूचं वचन आणि औषध. तो श्लोक आजाऱ्यांपुरता नाही. हरतालिकेची निर्जळी रीत त्याहून कडक आहे हे खरं, आणि काही जण हा श्लोक तिला लावत नाहीत, हेही खरं. पण ज्यांना झेपत नाही त्या बायका उद्यापन करून व्रत पूर्ण करतात आणि पुढे फलाहारावर राहतात. ही घरोघरची चाल आहे, आजीला ती ठाऊक असणारच.

नातीला मात्र वेगळं सांगायचंय. तू कहाणीचं एकच वाक्य धरलंस. त्याआधी काय आहे? हिमालयानं नारदाच्या सांगण्यावरून मुलगी विष्णूला द्यायची ठरवली. तिला ते नको होतं. मैत्रिणीनं तिला घरातून नेऊन अरण्यात लपवलं, हरतालिका हे नावच त्यावरून आलं. त्याच्याही आधी चौसष्ट वर्षं पिकली पानं खाऊन तिनं तप केलं होतं, ते स्वतः निवडलेल्या नवऱ्यासाठी. त्या तपाला कुणी भय घातलेलं नव्हतं. भयाचं वाक्य शेवटी येतं, बायकांना व्रत सांगताना. आजीला विचार ना, तिला लहानपणी यातलं काय आवडायचं. माझ्या आईला मैत्रीण आवडायची.

इतवारीकर: श्लोक मला माहीत नव्हता. तरी पत्रानं सांगणं मला पटत नाही. महाल काय लांब आहे? जाऊन शेजारी बसा.

महालची नात: जाते. पण पत्र घेऊन जाते, कारण समोर बसले की माझ्या तोंडून “हो आजी” एवढंच निघतं. “भीतीपायी” हा शब्द काढत नाही, तो खरा आहे. मैत्रिणीचं विचारीन. गोळीचं आज संध्याकाळीच डॉक्टरांना विचारते. तिनं तरीही पाणी सोडायचं ठरवलं तर काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही. त्या रात्री मशीन घेऊन तिच्याकडेच झोपीन.

मानेवाड्याची सून: मशीनच्या पट्ट्यांची तारीख बघून घे. आमच्या जुन्या निघाल्या होत्या.