अनुभव धागा: विसर्जनानंतरचं आभारपत्र. कुणाला लिहिलंत, काय लिहिलंत, पुढे काय झालं?

गोदाकाठची

आम्ही राहतो पंचवटीत, म्हसोबा पटांगणापासून हाकेच्या अंतरावर. मुख्य मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते आणि संपते आमच्याकडे, त्यामुळे अख्ख्या शहराचा निर्माल्याचा ढीगही आमच्याच वाट्याला. यंदा सोसायटीत ठरलं की सफाईवाल्यांना आणि पोलिसांना रीतसर पत्र द्यायचं आणि त्यांच्या वरिष्ठांनाही प्रती पाठवायच्या. सेक्रेटरींनी कच्चा मसुदा केला तो असा:

"मा. आयुक्त साहेब, आपल्या कार्यक्षम नेतृत्वाखाली गणेश विसर्जन सोहळा निर्विघ्नपणे पार पडला. सर्व सफाई कर्मचारी व पोलीस बंधू-भगिनींचे मनःपूर्वक आभार."

चौकातल्या फ्लेक्सवर शोभेल असं वाटतंय हे. आम्हाला खरं तर दोन ठरावीक गोष्टींसाठी आभार मानायचेत. एक, घाटावरच्या निर्माल्याजवळ पहाटे काम करणारी टोळी. दुसरी, मालवीय चौकातली एक महिला पोलीस. नावं दोन्हीकडची माहीत नाहीत. तुमच्यापैकी कुणी असं पत्र दिलंय का? कसं दिलंत, त्याचं पुढे काय झालं, लिहा.

सातपूरकर

सरळ आयुक्तांना पाठवा. वरून आलेला कागद खाली पळतो, खालून वर जायला वर्ष लागतं. मी एकदा मनपा आयुक्त आणि पोलीस आयुक्त दोघांना एकच पत्र पाठवलं होतं. एका कार्यालयाचं छान उत्तर आलं, लेटरहेडवर. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना कळलं का, ते मात्र ठाऊक नाही.

निवृत्त हेडक्लार्क

नाशिकरोडच्या एका सरकारी कार्यालयात माझी नोकरी टपालाच्या टेबलावर गेली, म्हणून सांगतो. सातपूरकरांचं अर्धं बरोबर आहे. वरून आलेला कागद खाली जातो खरा, पण वाटेत शेरे घेत जातो. मनपाच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात, आवक झाली की तो घनकचरा व्यवस्थापनाकडे मार्क होतो, तिथून विभागीय कार्यालयात, तिथून स्वच्छता निरीक्षकांकडे. ते मुकादमाला विचारणार, "कुणाबद्दल आहे हे?" "सर्व कर्मचारी" लिहिलेलं असेल तर मुकादम काय सांगणार? कागद फाइलला लागतो. दोष कुणाचाच नसतो.

म्हणून पत्र लिहावं त्या माणसाच्या लगतच्या वरिष्ठाला, आणि प्रत वर. तुमच्या बाबतीत मूळ पत्र विभागीय स्वच्छता निरीक्षक, पंचवटी यांना, प्रत विभागीय अधिकाऱ्यांना आणि घनकचरा व्यवस्थापनाच्या संचालकांना. प्रत वर गेलीय हे खालच्याला दिसतं आणि कागद दाबला जात नाही. पोलिसांचं पत्र वेगळं करा. एकाच पत्रात दोन खाती घातली की दोघांनाही वाटतं, हे दुसऱ्याकडचं. ते पत्र वरिष्ठ पोलीस निरीक्षक, पंचवटी पोलीस ठाणे यांना, प्रती सहायक आयुक्त आणि परिमंडळ 1 चे उपायुक्त यांना.

नाव नसलं तरी अडत नाही. दिवस, वेळ, जागा आणि नेमकं काम, हे चार आले की माणूस सापडतो. सफाईला हजेरी शेडवर हजेरी असते, बंदोबस्ताला पॉइंटवार तक्ता असतो. मात्र पत्र लवकर द्या. नवरात्राचा बंदोबस्त लागला की गणपतीचा तक्ता कोण काढून बघणार? आणि हातोहात द्या, स्वतःच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या.

सिडकोची सून

आमच्या गल्लीत विसर्जनानंतर घंटागाडी दोन दिवस फिरकली नाही. कोपऱ्यावर हारांचा ढीग कुजत पडलेला. आभार कसले मानताय? उलट तुमच्याच पत्रात आमचाही मुद्दा घाला, वरिष्ठांना प्रत जातेच आहे तर.

निवृत्त हेडक्लार्क

ताई, तुमची तक्रार रास्त आहे, पण तिचा अर्ज वेगळा द्या, तुमच्या विभागाकडे. आभारपत्रात एक जरी ओळ तक्रारीची आली, तरी तो कागद तक्रार म्हणून नोंदला जातो आणि पहिला खुलासा त्याच टोळीकडे मागितला जातो जिचं कौतुक करायचं होतं. हे मी टेबलावर पाहिलेलं आहे.

हवालदारीण

नाव गमतीचं घेतलंय, नवरा हवालदार आहे, म्हणून. मालवीय चौकातल्या त्या बाईंनी नेमकं काय केलं ते आधी इथे लिहा बरं. कारण चांगल्या मनाने लिहिलेलं पत्रही अंगाशी येतं. यांच्या ओळखीतल्या एकाबद्दल कुणीतरी लिहिलं होतं, "आपला पॉइंट सोडून आमच्या वडिलांना दवाखान्यात पोचवलं." वरिष्ठांनी आधी विचारलं, पॉइंट कुणाच्या परवानगीने सोडला?

गोदाकाठची

अगं बाई! आमच्या मसुद्यात अगदी हेच येणार होतं. झालं असं. रात्री मोठ्या मंडळाचं ढोलपथक चौकात थांबलं आणि मागून लोट आला. एक आजी बॅरिकेडला चेपल्या गेल्या, धाप लागली. त्या पोलीसताईंनी शेजारच्या माणसाला जागेवर उभं केलं, बॅरिकेडची एक जोडणी सोडवून आजींना बाहेर घेतलं, बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं. मग शिट्टी मारून मागच्या लोकांना थोपवलं आणि जोडणी पुन्हा लावली. आजींचा मुलगा सापडेपर्यंत दर थोड्या वेळाने वळून बघत होत्या. नंतर मीच विचारलं, तर म्हणाल्या, सकाळपासून उभी आहे, जेवणाचं पाकीट अजून आलं नाही.

हवालदारीण

मग "जागा सोडली" कशाला? सोडली नाहीच. दुसऱ्याला उभं केलं हे जरूर लिहा, तेच तर डोकं चालवलेलं आहे. जोडणी परत लावली हेही लिहा, नाहीतर कुणी म्हणेल बॅरिकेड उघडं टाकलं. जेवणाच्या पाकिटाचं गाळा. ते तुमच्याजवळ बोललेलं होतं, आणि कागदावर आलं की साहेबांच्या विरोधात बोलल्या असा अर्थ होतो. आणखी एक, त्या पंचवटी ठाण्याच्याच असतील असं धरू नका. बंदोबस्ताला मुख्यालयातून, दुसऱ्या ठाण्यांतून, बाहेरच्या जिल्ह्यांतूनही माणसं येतात. म्हणून "आपल्या ठाण्याच्या" न लिहिता "मालवीय चौक पॉइंटवर नेमलेल्या" लिहा.

अशा पत्राने काय होतं विचाराल तर, साहेबांच्या मनात आलं तर बक्षीस मिळतं आणि सेवापटात नोंद होते. नाही आलं तर नाही. पण हजेरीच्या वेळी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं तरी घरी येऊन चार वेळा सांगतात.

सातपूरकर

त्यापेक्षा सोसायटीत बोलवून शाल-श्रीफळ द्या, सोबत हजाराचं पाकीट. कागदाने कुणाचं पोट भरत नाही.

निवृत्त हेडक्लार्क

पोट भरत नाही हे खरं, पण पाकीट देऊ नका. सरकारी नोकराला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू आहेत. भेटवस्तू, मानपत्र, जाहीर सत्कार यांवर त्यांत बंधनं आहेत. देणारा मोकळा राहतो, घेणारा अडकतो. सत्कार करायचाच असेल तर आधी त्यांच्या कार्यालयाला विचारा. वरिष्ठांना लिहिलेल्या पत्राला अशी आडकाठी नाही.

घंटागाडीवाल्याची लेक

सेवापट, सेवापुस्तक हे कायम नोकरीवाल्यांचं झालं. माझे बाबा ठेकेदाराकडे आहेत, त्यांचं सेवापुस्तकच नाही. ठेका बदलला की नव्या माणसासमोर पहिल्यापासून सुरुवात. एका दिवाळीनंतर कॉलेज रोडच्या एका सोसायटीने मनपाला पत्र दिलं, त्याची एक सही-शिक्क्याची प्रत बाबांनाही दिली. पुढे ठेका बदलला तेव्हा त्यांनी तीच प्रत सुपरवायझरला दाखवली. तिच्यामुळे घेतलं की असंच घेतलं, सांगता येणार नाही. पण दाखवायला काहीतरी होतं. तेव्हा निर्माल्याची टोळी ठेक्याची असेल तर ठेकेदारालाही प्रत द्या, आणि एक त्यांच्या हातात.

आणि "देवदूत", "स्वच्छतेचे पुजारी" असलं काही लिहू नका हं. काय काम केलं ते लिहा.

तिवंधेकर

आमच्याकडे रंगपंचमीला रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा जमिनीतला हौद, उघडते. उड्या मारून लोक घरी जातात आणि रंगाचे ओघळ चौकात तसेच राहतात. एकदा तालमीतर्फे आम्ही पत्र दिलं, दुसऱ्या दिवशी चौक धुणाऱ्यांसाठी. त्यात दगडी फरशीच्या फटीतला रंग खराट्याने काढला एवढंच लिहिलं होतं. मुकादम स्वतः विचारायला आले, "काय झालं साहेब, पत्र कसलं?" तक्रारच वाटली होती त्यांना. तेव्हा विषयाच्या ओळीतच "आभार" शब्द येऊ द्या.

गोदाकाठची

टोळीला काल गाठलं. सहा बाया, दोन पुरुष, आणि आहेत ठेक्याच्याच. नावं देऊ का विचारलं तर चौघी हो म्हणाल्या, बाकीच्यांनी नको सांगितलं. म्हणून कुणाचीच घातली नाहीत. सफाईचं पत्र आता असं झालंय:

"प्रति, विभागीय स्वच्छता निरीक्षक, पंचवटी विभाग, नाशिक महानगरपालिका.

विषय: अनंत चतुर्दशीनंतर म्हसोबा पटांगण येथे काम केलेल्या आठ कर्मचाऱ्यांचे आभार.

महोदय, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच ते नऊ या वेळेत आठ कर्मचारी (सहा महिला, दोन पुरुष) पटांगणावरील निर्माल्य उचलत होते. ढीग तसाच गाडीत न भरता त्यांनी हारांतील तारा, जरीच्या झालरी, थर्माकोलचे तुकडे व प्लास्टिकच्या पिशव्या हाताने वेगळ्या काढल्या. गाठ मारलेल्या पिशव्या विळ्याने फाडून आतील फुले मोकळी केली. त्यामुळे खत प्रकल्पाकडे जाणारे निर्माल्य स्वच्छ गेले व नऊपर्यंत पटांगण रहिवाशांना वापरता आले. हे आम्ही समक्ष पाहिले आहे. आम्ही त्यांचे आभारी आहोत. हे पत्र त्यांना वाचून दाखवावे, ही विनंती.

प्रत सविनय सादर: मा. विभागीय अधिकारी, पंचवटी, मा. संचालक, घनकचरा व्यवस्थापन. प्रत: संबंधित ठेकेदार, संबंधित कर्मचारी."

घंटागाडीवाल्याची लेक

छान. फक्त हातमोजे होते की नव्हते, ते लिहिलं नाहीत.

गोदाकाठची

दोघींकडे नव्हते. लिहिलं असतं तर तक्रार झाली असती ना?

घंटागाडीवाल्याची लेक

झाली असती. पण न लिहून हातमोजे येणार नाहीत.

निवृत्त हेडक्लार्क

वेगळा अर्ज. आठवड्याभराने, आणि या टोळीचा उल्लेख न करता.

हवालदारीण

पोलिसांच्या पत्राचं एक राहिलं. जागेवर उभा केलेला तो शेजारचा माणूस पोलीस होता की होमगार्ड? होमगार्ड असेल तर त्याचे वरिष्ठ वेगळे, जिल्हा समादेशक. त्यांनाही प्रत लागेल.

गोदाकाठची

खाकीच होती, पण अंधारात खांद्यावरचं काही दिसलं नाही. सेक्रेटरी म्हणतात पोलीस, मला होमगार्ड वाटला. चौकातल्या चहावाल्याला विचारते, तो रात्रभर तिथेच होता.