शब्दचर्चा: हनुक्काच्या मेणबत्त्या 'लावायच्या' म्हणजे नक्की काय करायचं?

सायली (ठाणे)
आमच्या शेजारी एक बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, आजी राहतात. त्यांचा नातू आणि नातसून यंदा पहिल्यांदाच स्वतःच्या घरात हनुक्का करणार आहेत. आजींनी सांगितलं, "मराठीत एक चिठ्ठी टाइप करून दे, फ्रिजवर लावतील." इंग्रजी पुस्तिका समोर ठेवून मी लिहिलं: 'मेणबत्त्या उजवीकडून डावीकडे लावाव्यात आणि डावीकडून उजवीकडे लावाव्यात.' लिहून झाल्यावर परत वाचलं तर मलाच काही कळेना. मूळ मजकुरात दोन वेगळी क्रियापदं आहेत, आणि माझ्या मराठीत दोन्हीकडे 'लावणे'च आलं. हे कसं सोडवायचं? शिवाय 'मेनोरा' लिहू की आणखी काही? आणि दिवे लावताना जे म्हणतात त्याला 'आशीर्वाद' म्हणणं बरोबर आहे का?

माधव (सांगली)
हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. तेव्हा मांडणं काय आणि पेटवणं काय, दोन्ही उजवीकडूनच असणार. पुस्तिकेत छपाईची चूक असावी. मेनोऱ्याबद्दल सांगायचं तर मेनोरा म्हणजे सात दिव्यांची समई, जेरुसलेमच्या मंदिरातली. इस्राएलच्या राजचिन्हावर आहे ती. हनुक्का आठ रात्रींचा, त्यामुळे तो शब्द इथे चालणार नाही.

रिव्का (अश्दोद)
माधवकाका, सात दिव्यांचं तुमचं बरोबर आहे, पण दिशा दोनच आहेत आणि पुस्तिकाही बरोबर आहे. मी रेवदंड्याच्या घरातली, गेली तीस वर्षं इथे आहे. दरवर्षी नातवंडांना हेच समजावून सांगते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिसरी रात्र धरा. पहिली मेणबत्ती अगदी उजव्या टोकाच्या खाचेत बसवायची, दुसरी तिच्या डावीकडे, तिसरी तिच्याही डावीकडे. हे झालं मांडणं. लावताना मात्र सुरुवात तिसरीपासून, म्हणजे सगळ्यात डावीकडच्या मेणबत्तीपासून. मग दुसरी, मग पहिली. त्या रात्री नव्यानं आलेली मेणबत्ती मानाची, म्हणून ज्योत आधी तिला मिळते आणि मग हात उजवीकडे सरकत जातो. जुन्या रात्रींच्या मेणबत्त्या जळून गेलेल्या असतात, त्यामुळे रोज सगळ्याच नव्या घ्याव्या लागतात. पहिल्या रात्री एक, आठव्या रात्री आठ, बेरीज छत्तीस. शिवाय रोज एक शमाश, म्हणजे बाकीचे दिवे लावायची मेणबत्ती. दुकानात खोक्यात ४४ मेणबत्त्या मिळतात त्या यामुळेच.

नंदिनी (नाशिक)
दिवाळीत आम्ही एका पणतीनं दुसरी लावत जातो. तसंच का? मग शमाश कशाला हवा?

रिव्का (अश्दोद)
नाही, नंदिनी, तसं नाही करत. हनुक्काच्या दिव्यांकडे फक्त बघायचं असतं. त्यांच्या उजेडात वाचायचं नाही, निवडणं-टिपणं करायचं नाही. एका दिव्यानं दुसरा लावणं म्हणजे त्याच्याकडून काम करून घेणं, म्हणून सगळे दिवे शमाश लावतो. तो इतरांपेक्षा उंच किंवा जरा बाजूला असतो, म्हणजे नववा दिवा वेगळा ओळखू येतो. चुकून त्या उजेडात कोणी काही वाचलंच, तर तो उजेड शमाशचा धरायचा.

सायली, या शब्दाचं भाषांतर करू नकोस. आमच्या देवळांत शमाश हा माणूसच असतो. मुकादम, हज्जान, शमाश हे शब्द आजींच्या तोंडी रोजचे असणार. 'सेवक-दिवा' लिहिलंस तर त्या तुलाच विचारतील, हे काय म्हणून.

समीर (न्यू जर्सी)
मला मात्र उलटं दिसलंय. आमच्या समोरच्या घरात खिडकीत ठेवतात. मी रोज संध्याकाळी कुत्र्याला फिरवताना पाहतो. मेणबत्त्या डावीकडून वाढत उजवीकडे जातात. गेल्या डिसेंबरात सलग चार दिवस पाहिलं, म्हणजे योगायोग नाही. बहुतेक अमेरिकेतली पद्धत वेगळी असावी.

रिव्का (अश्दोद)
समीर, तुम्ही रस्त्यावरून पाहता आणि ते घरात उभे राहून लावतात. त्यांचं उजवं ते तुमचं डावं. उजवं-डावं लावणाऱ्याच्या बाजूनं धरतात. सायली, चिठ्ठीत 'तुमच्या उजव्या हाताला' असंच लिही. नुसतं 'उजवीकडे' लिहिलंस तर हाच घोळ होईल.

सायली (ठाणे)
हे फार बरं झालं. आता 'लावणे'चं काय करू? 'पेटवणे' लिहिलं होतं, पण आजींनी चिठ्ठी वाचताच मान हलवली. म्हणाल्या, "चूल पेटवतात, बाई. दिवा लावतात."

माधव (सांगली)
आजी शंभर टक्के बरोबर. दिवा लावतात आणि विझवायचा म्हटलं तरी मालवतात किंवा शांत करतात, 'विझवतात' म्हणायला जुनी माणसं कचरतात. तेव्हा 'लावणे' फक्त ज्योतीसाठी राखा. बसवण्यासाठी 'मांडणे' किंवा 'खोचणे' घ्या. मेणबत्ती खाचेत जाते, म्हणून मला 'खोचणे' जास्त नेमकं वाटतं. दिशेबद्दल मी चुकलो होतो. पण रोज एक वाढवायची हे कुणी ठरवलं?

रिव्का (अश्दोद)
त्यावर जुना वाद आहे, तालमुद या आमच्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात नोंदलेला. शम्मायच्या शिष्यांचं म्हणणं, पहिल्या रात्री आठ लावा आणि रोज एक कमी करा. हिलेलच्या शिष्यांचं म्हणणं, एकापासून वाढवत जा, कारण पवित्र गोष्टीत चढत जावं, उतरू नये. सगळे हिलेलचंच पाळतात.

क्रियापदांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक अडचण सांगते, माझ्या मते ती उजव्या-डाव्यापेक्षाही महत्त्वाची आहे. मराठीत आपण सहज म्हणतो, 'दिवा लावून ठेव'. हनुक्काला ते चालत नाही. जिथे दिवा राहणार तिथेच तो आधी ठेवायचा आणि मग लावायचा. स्वयंपाकघरात वारा नसतो म्हणून तिथे लावला आणि मग उचलून खिडकीत नेला, तर तो लावलाच नाही असं धरतात. लावण्याची क्रिया हीच खरी मित्स्वा, म्हणजे पाळायची धर्माज्ञा, नंतरचं जळणं नाही. तेव्हा चिठ्ठीत 'लावून ठेवा' लिहू नकोस, 'ठेवून लावा' लिही.

सायली (ठाणे)
रिव्काताई, मी अगदी 'खिडकीत लावून ठेवा' असंच लिहिलं होतं! पण खिडकीच का? नातवाचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे, आणि डिसेंबरातही पंखा चालू असतो.

रिव्का (अश्दोद)
मूळ जागा घराच्या दाराबाहेर, आत शिरताना डाव्या हाताला. उजव्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे धर्मवचनं लिहिलेली गुंडाळी, असते, म्हणजे आत येणारा दोन मित्स्वांच्या मधून जातो. इथे अनेक घरांच्या दाराशी वारा लागू नये म्हणून काचेच्या पेट्या दिसतात. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी रस्त्याकडच्या खिडकीत ठेवायचं. आणि बाहेर दाखवणं धोक्याचं असेल, अशा काळात घरातल्या टेबलावर ठेवलं तरी पुरे. हेतू एवढाच की घडलेला चमत्कार जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसावा.

पण उंचीला मर्यादा आहे. जमिनीपासून वीस हात, म्हणजे साधारण साडेनऊ मीटर. त्याच्यावर रस्त्यावरच्या माणसाची नजर सहसा जात नाही. चौथा मजला बहुतेक त्याच्या वर जातो. अशा वेळी काही घरं खिडकीतच ठेवतात, कारण समोरच्या इमारतीतल्यांना दिसतं. काही फ्लॅटच्या दाराशी ठेवतात, जिन्यातून येणाऱ्यांना दिसावं म्हणून. यात आजी म्हणतील ते खरं.

पंख्याचं मात्र नीट पाहा. चांगल्या जागी लावलेला दिवा अवचित विझला तर मित्स्वा झाली. परत लावला तर छान, पण ब्राखा, म्हणजे दिवे लावताना म्हणतात ती, पुन्हा म्हणायची नाही. वाऱ्याच्या झोतात, टिकणारच नाही अशा जागी लावला असेल, तर मात्र ते लावणंच धरत नाहीत. अंधार पडल्यावर निदान अर्धा तास जळेल एवढं मेण किंवा तेल हवं. आणि पडदा बांधून ठेवा.

नंदिनी (नाशिक)
'ब्राखा' म्हणजेच आशीर्वाद ना?

रिव्का (अश्दोद)
तिथेच अडतं. मराठीत आशीर्वाद मोठ्यानं लहानाला द्यायचा असतो. इथे तर माणूस देवाला म्हणतो, 'बारूख अता अदोनाय', हे परमेश्वरा, तू धन्यवादित आहेस. देवाला आशीर्वाद कोण देणार? म्हणून मी 'ब्राखा'च लिहिते.

हातात पेटता शमाश धरून, दिवे लावायच्या आधी म्हणायच्या. रोज दोन. पहिली, हनुक्काचा दिवा लावायची आज्ञा दिल्याबद्दल, 'लेहद्लिक नेर हनुक्का'. दुसरी, त्या दिवसांत, याच काळी आमच्या पूर्वजांसाठी चमत्कार केल्याबद्दल. पहिल्या रात्री तिसरीही, शेहेखेयानू, आम्हाला या दिवसापर्यंत जिवंत ठेवलंस म्हणून. पहिली रात्र हुकली असेल तर ज्या रात्री पहिल्यांदा दिवे लावाल त्या रात्री ती म्हणायची. सहा दिवे असले तरी शब्द 'नेर' एकवचनीच राहतो, तेव्हा मराठीतही 'दिवा'च ठेव.

सायली (ठाणे)
पुस्तिकेत 'नेर शेल हनुक्का' आहे.

रिव्का (अश्दोद)
ती अश्केनाझी, म्हणजे युरोपातल्या ज्यूंची, पद्धत. आपण बेने इस्राएल सेफार्दी वळणानं म्हणतो, त्यात 'शेल' नाही. पण आजींच्या घरात काय म्हणत आलेत ते त्यांनाच विचार. कागदावरून घरातलं बदलू नये.

शुक्रवारही चिठ्ठीत घाल. २०२५ मध्ये पहिला दिवा १४ डिसेंबरच्या रविवारी होता, म्हणजे सहावा आला शुक्रवारी १९ तारखेला. शुक्रवारी सूर्यास्ताला आमचा विसाव्याचा दिवस, शब्बाथ, सुरू होतो. शब्बाथचे दिवे एकदा लावले की नंतर आग हाताळता येत नाही. म्हणून आधी हनुक्काचे सहा, मग शब्बाथचे, आणि सगळं सूर्यास्ताच्या आत. ते अंधार पडल्यावरही अर्धा तास जळायला हवेत, म्हणून खोक्यातल्या बारीक मेणबत्त्या त्या दिवशी पुरत नाहीत. जाड मेणबत्त्या घ्यायच्या, नाहीतर पेल्यात जास्त तेल घालायचं.

माधव (सांगली)
रिव्काताई, एक शंका. तुमच्या सणांना अस्सल मराठी नावं आहेत असं वाचलंय. नव्याचा सण, दारफाळण्याचा सण, बिरड्याचा सण. मग हनुक्काला का नाही?

रिव्का (अश्दोद)
कारण कोकणातल्या आमच्या पूर्वजांना हा सण ठाऊक नव्हता. कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी तो नंतर शिकवला, म्हणून नावही हिब्रूच राहिलं. हनुक्का ज्याची आठवण आहे ते जेरुसलेमच्या मंदिराचं पुनःसमर्पण इसवी सनापूर्वी १६४ च्या सुमाराचं. काहींच्या मते आमचे लोक त्याआधीच निघाले होते, म्हणून तो सण त्यांच्याबरोबर आला नाही. अभ्यासकांचं यावर एकमत नाही.

माधव (सांगली)
मग हनुक्काच्या या दिवठणीला मेनोरा म्हणायचं की हनुकिया?

रिव्का (अश्दोद)
इथे सगळे हनुकियाच म्हणतात. पण मुंबईत माझी आई मेनोराच म्हणायची, आणि मला तिला चूक ठरवावंसं वाटत नाही.

सायली (ठाणे)
चिठ्ठी अशी झाली: 'मेणबत्त्या तुमच्या उजव्या हातापासून डावीकडे खोचा. जिथे ठेवायचं तिथे ठेवून मगच लावा. आधी शमाश लावा, तो हातात धरून ब्राखा म्हणा, मग डावीकडची नवी मेणबत्ती पहिली लावून उजवीकडे या. शुक्रवारी शब्बाथच्या आधी.' आजींना वाचून दाखवली. 'नेर हनुक्का'च त्यांनी कायम केलं. वर शीर्षकात मी 'हनुकिया' लिहिलं होतं, ते त्यांनी पेननं खोडून 'हनुक्काचे दिवे' केलं. खिडकी की दार, ते मात्र उद्या फ्लॅट बघून सांगते म्हणाल्या.