धन्यवादला अहिराणीत काय म्हणतात? (चिठ्ठीसाठी हवंय)

पाहुणी_पुण्याची: धुळ्याजवळच्या गावी मैत्रिणीच्या घरी आखाजीला जेवले. खापरावरची पुरणपोळी, आमरस, सार. परत आल्यावर तिच्या आईला चार ओळींची चिठ्ठी पाठवायचीय, त्यांच्याच बोलीत. 'तुमना आभार मानतस' लिहिलं तर मैत्रीण हसली. म्हणे, "सभा संपली का?" काय चुकलं?

कापडण्याचा: व्याकरण फारसं चुकलं नाही. फक्त तुम्ही एकट्या, म्हणून 'मानस' हवं, 'मानतस' म्हणजे 'आम्ही मानतो'. पण आमच्याकडे जेवू घालणाऱ्या माउलीचे आभार मानले की ती म्हणते, "मी परकी शे का?" त्यापेक्षा पदार्थाचं नाव घ्या. 'माय, पुरनपोयी भलती गोड लागनी. पोट भरनं, मन नही भरनं. आते तुम्ही आमना घर या.' झाली चिठ्ठी. शेवटचं वाक्य गाळू नका, खरे आभार तिथेच आहेत.

शुद्धमराठी: 'धन्यवाद' हा आपलाच संस्कृत शब्द. तो टाळून बोली जपली जाते असं थोडंच आहे?

कापडण्याचा: शब्द आपला, पण जेवणानंतर तो म्हणायची सवय नवी. माझी आजी कधी 'धन्यवाद' म्हणाली नाही. आता मुलं 'थँक्यू आजी' म्हणतात, तेही चालतं.

सुरतकर: अहिराणी म्हणजे गुजरातीच हो. 'शे' बघा, आमचं 'छे'.

कापडण्याचा: 'शे' जवळचं आहे, कबूल. मग 'लागनी', 'भरनं' यातला 'न' कुठून आणला?

यावलची_सून: थांबा, मी तुमची चिठ्ठी सासूबाईंना वाचून दाखवली. म्हणाल्या, "ही कोणाची बोली?" आमच्याकडे लेवा बोलतात, 'लागनी' नाही, 'लागली'च म्हणतात. खानदेशी म्हणजे सगळे अहिराणीच बोलतात असं धरू नका.

पाहुणी_पुण्याची: अहो, माझी मैत्रीण धुळ्याकडचीच आहे.

यावलची_सून: हो का, मी यावल समजले. तरी लिहिते. मागे आमच्या एका पाहुण्यांनी पुस्तकातून शिकून असंच लिहिलं होतं, तेव्हा सासरे दोन दिवस तेच वाक्य म्हणून हसत होते. हसले म्हणजे आवडलं, असं मी समजते.

शुद्धमराठी: मग प्रमाण मराठीतच लिहा, कुणी हसणार नाही.

कापडण्याचा: हसू देत की. फक्त 'भलती' खोडून 'अतिशय' करू नका. आणि पाहुणीताई, 'माय' मैत्रिणीला विचारून लिहा. काही घरांत आईला 'बाई' म्हणतात.

पाहुणी_पुण्याची: विचारलं. 'बाई'च म्हणतात! बदलते. 'सार' कसं लिहू?

यावलची_सून: साराचं सोडा, पोळी खापरावर फाटली कशी नाही ते विचारा. माझी दर वेळी कडेला फाटते.

कापडण्याचा: खापर पुरेसं तापलंय का ते पाहा. आणि कणीक किती सैल भिजवता?