मदत हवी आहे: एबीएसच्या संचावर व्हॉल्व्ह सतत टकटकतो, पण ब्रेक धरत नाही

तंत्रमित्र वणी

नमस्कार. वणीजवळच्या एका तंत्रनिकेतनात मी यंत्र विभागात शिकवतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचे झाले, त्यामुळे त्यामागचे नियंत्रण विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दिसावे म्हणून आम्ही एक संच उभारला आहे. जिनिंगच्या भंगारातून आणलेला जड लोखंडी ड्रम मोटरने १० मीटर प्रति सेकंद वेगाने फिरवतो आणि मोटर सोडवतो. त्यावर मोटारसायकलचे चाक साधारण दीडशे किलोच्या भाराने दाबलेले असते. ड्रम म्हणजे रस्ता आणि गाडी दोन्ही. डिस्कब्रेकच्या नळीत दोन सोलेनॉइड व्हॉल्व्ह आहेत: एक मास्टर सिलिंडरकडून येणारा दाब अडवतो, दुसरा कॅलिपरमधील दाब सोडतो. दोन्ही फक्त चालू किंवा बंद होतात.

चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर असून दातेरी कडीला ४८ दाते आहेत. दर ५ मिलिसेकंदांनी मी स्लिप काढतो, म्हणजे चाकाचा वेग ड्रमच्या वेगापेक्षा किती प्रमाणात कमी आहे ते. ती ०.२ च्या वर गेली की दाब सोडायचा, ०.१ च्या खाली आली की वाढवायचा, मधे असेल तर धरून ठेवायचा, एवढाच नियम आहे. चाकाचा वेग असा काढतो:

```
v = count * pitch / 0.005
```

अडचण अशी की लिव्हर न दाबताही व्हॉल्व्ह टकटकत राहतात, आणि लिव्हर घट्ट दाबला तरी ब्रेक जेमतेम धरतो. चूक कुठे असावी?

अचलपूरचा गॅरेजवाला

सर, दोष व्हॉल्व्हचा वाटतो. चालू-बंद व्हॉल्व्हला उघडायला आणि दाब उतरायला वेळ लागतो, तोवर चाक पुढे निघून जाते. मधल्या स्थितीत थांबू शकणारा व्हॉल्व्ह बसवा. स्लिप ०.२ धरली आहे ते बरोबरच आहे, कोणत्याही रस्त्यावर पकड तिथेच सर्वाधिक असते.

भाऊसाहेब

माझाही हाच त्रास आहे. शेतातून परतताना रेल्वे फाटकाजवळ गाडी हळू थांबवताना शेवटच्या दहा-पंधरा फुटांत पेडल थरथरते आणि गाडी पुढे सरकते. रस्ता कोरडा असतो. पावसाळ्यापासून हे सुरू झाले आहे. यावर उपाय सांगावा.

सुनंदाताई

तंत्रमित्र सर, मी काही वर्षे ब्रेकच्या चाचणी विभागात काम केले आहे. व्हॉल्व्हला हात लावण्याआधी तुमच्या वेगाच्या ओळीकडे पाहा. चाकाचा परीघ सुमारे १.८८ मीटर, म्हणजे एका दात्याला ३.९ सेंटिमीटर. १० मीटर वेगाने ५ मिलिसेकंदांत चाक ५ सेंटिमीटर जाते, त्यामुळे तुमच्या मोजणीत बहुतेक वेळा १ दाता येतो आणि अधूनमधून २. एका दात्याचा अर्थ तुमचे सूत्र ७.८५ मीटर वेग असा लावते, तेव्हा स्लिप ०.२१ येते आणि दाब सुटतो. दोन दाते आले की वेग १५.७ होतो, स्लिप ऋण येते आणि दाब वाढतो. चाक मुळीच घसरत नसताना नियंत्रक चारपैकी तीन फेऱ्यांत दाब सोडत आहे, मग ब्रेक धरणार कसा? दाते मोजू नका, दोन दात्यांमधला वेळ मोजा:

```
v = pitch / (t_now - t_prev)
```

गॅरेजवाले दादा, व्हॉल्व्हच्या उशिराचे तुमचे म्हणणे खरे आहे, पण लिव्हर न दाबता होणारी टकटक त्यातून निघत नाही. ०.२ सुद्धा सर्वत्र चालत नाही. मुरमाच्या रस्त्यावर जाम झालेले चाक पुढे खडीचा ढीग गोळा करते आणि त्यावरच अडते, तिथे मधला शिखरबिंदू नीट सापडतही नाही. लोखंडी ड्रमवर तो कुठे आहे हे सरांना स्वतः मोजावे लागेल.

भाऊसाहेब, तुमचा प्रश्न वेगळा आहे. जुन्या पद्धतीच्या चुंबक-कुंडलीच्या सेन्सरचा व्होल्टेज वेग कमी झाला की घटतो. काळी माती किंवा गंज यांमुळे सेन्सर आणि कडी यांतली फट बिघडली की मंद वेगात एका चाकाचे स्पंद आधी हरवतात. नियंत्रकाला ते चाक जाम झाल्यासारखे वाटते आणि तो त्याचा दाब सोडतो. चाके उचलून सेन्सर व कडी साफ करा, कडीला तडा आहे का पाहा, आणि चाक हाताने फिरवून दोन्ही बाजूंचा एसी व्होल्टेज मल्टिमीटरवर ताडून पाहा. नव्या पद्धतीच्या सेन्सरला मात्र ही मल्टिमीटरची तपासणी लागू पडत नाही.

तंत्रमित्र वणी

ताई, मनापासून आभार. टकटक त्याच दिवशी थांबली. पण ड्रम अडीच मीटरच्या खाली आला की चाक जाम होते आणि तसेच राहते. चाक डोळ्यांसमोर थांबलेले असते, टायरचा वास येतो, आणि पडद्यावर चाकाचा वेग २.३ दिसत असतो.

सुनंदाताई

थांबलेल्या चाकाचा पुढचा दाता येतच नाही, म्हणून जुना आकडा गोठून राहतो. ड्रम मंदावून २ वर आला की नियंत्रकाच्या हिशेबाने चाक ड्रमपेक्षाही वेगाने फिरते आहे, आणि तो दाब वाढवत राहतो. दर फेरीत शेवटच्या दात्याला किती वेळ झाला ते पाहा आणि वेगाला त्यावरून कमाल मर्यादा घाला. २० मिलिसेकंद दाता आला नसेल, तर वेग १.९६ पेक्षा जास्त असूच शकत नाही. तरीही १ मीटर वेगाला दोन दात्यांत ३९ मिलिसेकंद जातात, म्हणजे जवळपास आठ फेऱ्या तुम्ही आंधळे असता. अगदी कमी वेगात खऱ्या गाड्यांतही एबीएस बाजूला होते. तुम्ही २ मीटरखाली ते बंद ठेवा.

आता गॅरेजवाल्या दादांच्या मुद्द्याकडे येऊ. चाकाचे जडत्व अर्धा किलोग्रॅम-मीटर वर्ग धरले आणि ब्रेकचा पीळ रस्त्याच्या पिळापेक्षा १०० न्यूटन-मीटरने जास्त झाला, तर टायरचा कडेचा वेग दर सेकंदाला ६० मीटरने घटतो. व्हॉल्व्ह आणि तेल मिळून २५ मिलिसेकंद लागले, तर तेवढ्यात दीड मीटर वेग गेला, म्हणजे १० मीटरच्या वेळी स्लिप ०.२ वरून ०.३५ वर पोचली. म्हणून ०.२ ची वाट पाहू नका. तुमचा ड्रम फार तर ६ मीटर प्रति सेकंद वर्ग या दराने मंदावत असेल. चाक १५ च्या वर मंदावू लागले, तर ते पकडीच्या पलीकडे गेले असे समजून लगेच दाब सोडा.

अचलपूरचा गॅरेजवाला

ताई, हा हिशेब मला पटला. चालू-बंद व्हॉल्व्हवर काम निभते ते उशीर आधीच धरून चालल्यामुळे, हे आज कळले.

तंत्रमित्र वणी

१५ ची अट घातली. १० मीटरवर चाक आता जाम होत नाही. पण ब्रेक न दाबताही दाब सोडणारा व्हॉल्व्ह एका चक्रात एकदा, ठरावीक जागी उघडतो. खडूने खूण केली तेव्हा लक्षात आले की नेहमी एकाच दात्यापाशी उघडतो. कडी विद्यार्थ्यांनी पत्र्यातून कापून कानशीने घासली आहे, आणि तिथली दोन दात्यांमधली फट व्हर्नियरवर जवळपास १ मिलिमीटर जास्त भरली.

सुनंदाताई

३९ मिलिमीटरमध्ये १ म्हणजे अडीच टक्के. १० मीटरला पाव मीटर वेग ४ मिलिसेकंदांत गेल्याचा भास होतो, आणि तेवढ्याने वेग घटण्याचा दर ६० च्या वर दिसतो, खऱ्या घसरणीइतका. चार दात्यांची सरासरी घेतली तर भास दबेल, पण १६ मिलिसेकंदांच्या खिडकीमुळे उशीर वाढेल. मी प्रत्येक दात्याची खरी रुंदी आधी मोजून ठेवीन: ब्रेक सोडून ड्रम स्थिर फिरत असताना ४८ दात्यांच्या वेळांचे प्रमाण काढा आणि तेच सूत्रात वापरा.

हिंगणघाटकर

एवढे करण्यापेक्षा नागपुरात लेझरवर कडी कापून घ्यावी. एक-दोन दिवसांत काम होते.

तंत्रमित्र वणी

नवी कडी घेऊच, पण ही तशीच ठेवून दुरुस्तीचा तक्ता शनिवारी करून पाहतो, कारण मुलांना दोष दिसायला हवा. एक शंका मात्र उरते: चाक जाम होताना एखादा दाता मोजणीतून सुटला, तर पुढचा सगळा तक्ता एका दात्याने सरकतो. पुन्हा पहिला दाता ओळखायला वेगळी खूण ठेवावी लागेल, की त्या १ मिलिमीटरच्या जास्त फटीवरूनच तो ओळखता येईल?